शून्याखाली शून्य

'मॅडम, एक महिना झाला. लिमिटमध्ये काही फरक पडला का, ते थोडक्यात कळवाल का?' असा निरोप माझ्याकडे गणिताच्या क्लासला येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी पाठवला, तेव्हा मी तिचीच वही तपासत होते. उत्तर लगेच द्यायला हरकत नव्हती. पहिल्या दिवशी घेतलेल्या चाचणीत दहापैकी चार बरोबर आले होते, परवाच्या चाचणीत दहापैकी सहा. दोन गुण वाढले. थोडक्यात म्हणजे एवढंच. मी तसं लिहिलंही, 'प्रगती समाधानकारक' हे शब्द जोडले आणि मग सगळं पुसून टाकलं. ते दोन शब्द कुणाच्याही मुलाबद्दल, कुठल्याही विषयाबद्दल लिहिता आले असते. शिवाय चार आणि सहा हे दोन्ही आकडे थोडे खोटेच होते.

त्या चारांपासून सांगते. लिमिट म्हणजे x एखाद्या आकड्याच्या जवळ जाताना राशीची किंमत कुठे चाललीय ते. चाचणीतले तीन प्रश्न असे होते की x ची किंमत सरळ ठेवली की काम झालं. ते तिने अचूक केले. चार प्रश्नांत किंमत ठेवली की वर शून्य आणि खाली शून्य येतं, आणि पुढे बीजगणित करावं लागतं. एक साइनचा होता. उरलेल्या दोनांत x अनंताकडे जात होता. तिने दहाही प्रश्न वीस मिनिटांत संपवून वही माझ्याकडे सरकवली. एवढ्या वेगाने लिमिट सोडवणारं मूल दिसलं की मला जरा काळजीच वाटते.

शून्याखाली शून्य येणारे ते चार प्रश्न मी समोर ठेवून बसले. पहिला होता x हा 2 कडे जाताना (x² − 4)/(x − 2). तिने लिहिलं होतं, 0/0 = 0. पुढचा होता x हा 1 कडे जाताना (x² − x)/(x − 1). तिथे लिहिलं होतं, 0/0 = 1. त्याच पानावर खाली वर्गमुळाचं उदाहरण होतं आणि तिथे '0/0, म्हणून लिमिट नाही'. एकाच पानावर 0/0 ची तीन वेगवेगळी उत्तरं होती, आणि ती तिन्ही एकमेकांशी भांडत आहेत हे तिला दिसलंही नव्हतं. गंमत म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच 1 आहे. वर x(x − 1) आहे, (x − 1) गेला की x उरतो, आणि x एककडे चाललाय. म्हणजे चारांतला चौथा गुण तिला चुकीच्या वाटेने गेल्यावर बरोबर घर सापडल्यामुळे मिळाला होता. मी तो दिला, कारण चाचणीत फक्त उत्तर तपासायचं असं ठरलं होतं. पण मनात तिचे तीनच धरले.

'इथे शून्य आणि इथे एक, असं का गं?' मी विचारलं.

'वर शून्य असलं की उत्तर शून्य असतं ना. आणि वरखाली सारखं असलं की एक.'

'आणि तिसऱ्यात?'

'खाली शून्य असलं की भागताच येत नाही.'

तिन्ही नियम आपापल्या जागी अगदी खरे आहेत. तिला कुणी खोटं शिकवलं नव्हतं. तिन्ही नियम एकाच वेळी एका ठिकाणी येऊन उभे राहतात आणि कुणालाच पुढे जाता येत नाही, अशी जागा गणितात असते, एवढंच तिला कुणी दाखवलेलं नव्हतं. मग आम्ही भागाकारापाशी परत गेलो. सहाला तिनाने भागल्यावर दोन का येतात, तर तीन गुणिले दोन सहा होतात म्हणून. आता शून्याला शून्याने भागायचं, म्हणजे शून्याला कशाने गुणलं की शून्य मिळेल? ती म्हणाली, 'कशानेही.' थोडी थांबली आणि पुन्हा म्हणाली, 'कशानेही?' या दुसऱ्या वेळच्या प्रश्नचिन्हापासून माझ्या हिशेबाने महिना सुरू झाला. 0/0 हे उत्तर नाही. नुसत्या किमती ठेवून इथे काही ठरणार नाही, अजून पाहावं लागेल, एवढीच बातमी त्यात असते.

पहिले दोन आठवडे मी तिला बीजगणित करू दिलं नाही. ही माझी सवय आहे आणि पालकांना ती आवडत नाही, कारण वहीत सोडवलेली गणितं दिसत नाहीत, नुसते आकड्यांचे तक्ते दिसतात. तिच्या वडिलांनीही मध्ये एकदा विचारलं होतं की क्लासमध्ये कॅल्क्युलेटर का वापरताय. पण अवयव पाडून वरखाली काटाकाट करणं तिला आठवीपासून येतंच होतं. येत नव्हतं ते पाहणं. म्हणून तिने (x² − 4)/(x − 2) मध्ये 1.9 ठेवला, 3.9 आलं. 1.99 ठेवल्यावर 3.99. पलीकडून 2.01 ठेवल्यावर 4.01. मग वर्गमुळाचं उदाहरण घेतलं, x शून्याकडे जाताना (√(4 + x) − 2)/x. तिचा तक्ता असा झाला:

```
x        (√(4+x) − 2)/x
 0.1       0.2485
 0.01      0.2498
-0.01      0.2502
-0.1       0.2516
```

एका बाजूने आकडे पावच्या थोडे खाली आहेत, दुसऱ्या बाजूने थोडे वर, आणि दोन्हीकडून मधल्या एका जागेकडे येतात. शून्य ही किंमत मात्र तक्त्यात कुठेच नाही. ती ठेवताच येत नाही. 'म्हणजे मधली जागा रिकामीच ठेवायची?' तिने विचारलं. रिकामीच. ती जागा काय असायला हवी होती, हे शेजाऱ्यांना विचारून ठरवायचं.

तक्त्यांची मर्यादा तिने आपणहूनच शोधली, आणि तीही चुकून. शून्याच्या खूप जवळ गेलं तर उत्तर अगदी नेमकं येईल असं समजून तिने x म्हणून `1E-20` दिला, म्हणजे दशांशचिन्हानंतर एकोणीस शून्यं आणि मग एक. कॅल्क्युलेटरने उत्तर दिलं 0. ती घाबरली. 0.2498 पर्यंत आलेला आकडा अचानक शून्य कसा झाला? कारण साधं आहे. यंत्र ठरावीक अंकच लक्षात ठेवतं. चारमध्ये एवढी बारीक भर घातली तर त्याच्या लेखी ते चारच राहतात. चारचं वर्गमूळ दोन, दोनातून दोन गेले की शून्य. म्हणजे तक्ता अंदाज देतो, खात्री देत नाही. हे मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती. यंत्रानेच तोंडघशी पाडल्यामुळे ते तिच्या लक्षात राहिलं, आणि बीजगणित का लागतं हे मला वेगळं समजावावं लागलं नाही.

मग बीजगणिताकडे आलो. वर √(4 + x) − 2 आहे, तर वरखाली दोन्हीकडे √(4 + x) + 2 ने गुणायचं. वर (4 + x) − 4 होतं, म्हणजे नुसता x. खालचा x त्याच्याबरोबर जातो आणि 1/(√(4 + x) + 2) उरतं. आता x शून्याकडे नेला की छेद चार होतो आणि उत्तर 1/4. तक्त्यातला पाव तो हाच. ही पद्धत तिला पहिल्या दिवशी पाठ नव्हती असं नाही. पण तिच्या लेखी ती 'वर्गमूळ दिसलं की करायची कृती' होती. शून्य नेमकं कुठून येतंय ते शोधून त्याला बाहेर काढायची ती युक्ती आहे, हे आता तिला कळलं होतं. वर लपलेला x आणि खाली उघडा बसलेला x, दोघं मिळून गोंधळ घालत होते. वरच्याला उघडं पाडलं की झालं.

तिसऱ्या आठवड्यात जे घडलं ते चिठ्ठीत कसं घालायचं हा माझा खरा प्रश्न होता. आम्ही पुन्हा (x² − 4)/(x − 2) वर आलो होतो. तिने अवयव पाडले, (x − 2) वरखाली कापला, x + 2 लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

'मॅडम, ही फसवाफसवी आहे.'

'कुठे?'

'कापताना आपण म्हणतो की x म्हणजे 2 नाही, नाहीतर शून्याने भागल्यासारखं होईल. आणि पुढच्याच ओळीत x च्या जागी 2 ठेवतो. मग तो 2 आहे की नाही?'

मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायले. ही शंका १७३४ साली जॉर्ज बर्कली नावाच्या बिशपने छापून काढली होती. न्यूटनच्या कलनशास्त्रावर त्याने हल्ला चढवला तो नेमका याच जागी. सूक्ष्म वाढ आधी 'काहीतरी' म्हणून घ्यायची, तिने भागायचं, आणि काम झालं की 'काही नाही' म्हणून सोडून द्यायची, हे कसलं तर्कशास्त्र, असं त्याचं म्हणणं होतं. उत्तरं बरोबर येत होती हे त्यालाही मान्य होतं. तक्रार होती ती वाटेबद्दल. त्या तक्रारीला नीट उत्तर द्यायला गणितज्ञांना पुढची शंभरेक वर्षं लागली. १८२१ साली कोशीने लिमिट म्हणजे काय हे 'हवं तितकं जवळ जाणं' या भाषेत मांडलं, आणि पुढे वायरश्ट्रासने त्याला असमानतांचं पक्कं रूप दिलं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, 'म्हणजे मी चुकले नाही?' नाही, चुकली नव्हतीस.

पण शंका बरोबर असली तरी तिला उत्तर आहे, आणि ते द्यायला आम्ही जवळजवळ पूर्ण तास घेतला. मूळ राशी आणि x + 2 या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2 सोडून सगळीकडे दोघींच्या किमती सारख्या. 2 वर पहिलीला किंमतच नाही, दुसरीला 4 आहे. पहिलीचा आलेख काढला तर सरळ रेघ येते आणि तिच्यात एका बिंदूएवढं भोक असतं. आता लिमिट काय विचारतं? 2 वर काय आहे हे ते विचारतच नाही, 2 च्या आसपास काय चाललंय ते विचारतं. आसपास दोघी हुबेहूब सारख्या असतील तर दोघींचं लिमिटही एकच असणार. आपण 2 ठेवतो तो दुसरीत. तिच्यात भोक नाही, त्यामुळे तिचं लिमिट आणि तिची किंमत एकच असते. पहिलीत आपण 2 कधीच ठेवलेला नाही. फसवाफसवी वाटते ती आपण या दोघींना एकाच ओळीत, एकाच बरोबरच्या चिन्हाने जोडून टाकतो म्हणून.

तिने मग मला तपासून पाहिलं. 'चारपासून एक शतांशाच्या आत राहायचं असेल तर?' मी म्हटलं, x ला दोनपासून एक शतांशाच्या आत ठेव, फक्त दोनवर बसू देऊ नकोस. 'आणि एक सहस्रांश हवं असेल तर?' तर सहस्रांशाच्या आत. ती अजून दोन पायऱ्या खाली उतरली आणि मग कंटाळली. हा कंटाळा महत्त्वाचा होता. समोरचा कितीही बारीक मागणी करो, उत्तर तयार आहे, हे पटलं की माणूस विचारणं थांबवतो. कोशीचं 'हवं तितकं' म्हणजे हेच.

त्या दिवसानंतर तिच्या वहीत एक बदल झाला, आणि मी वही तपासताना आता सगळ्यात आधी तोच पाहते. पूर्वी ती पहिल्या ओळीत lim लिहायची आणि दुसऱ्या ओळीपासून विसरायची. (x² − 4)/(x − 2) = x + 2 = 4, असं. बरेच शिक्षक याला नीटनेटकेपणाची चूक समजून अर्धा गुण कापतात. पण ते विधानच खोटं आहे. x म्हणजे 5 घ्या, किंमत 7 येते, 4 कुठली? आता तिचं lim प्रत्येक ओळीत असतं, आणि किंमत ठेवली त्याच ओळीत ते नाहीसं होतं, एक ओळही आधी नाही की नंतर नाही. मुलाला लिमिट कळलंय का हे मला उत्तरावरून सांगता येणार नाही. हा शब्द कुठल्या ओळीत गळतो, त्यावरून बऱ्यापैकी सांगता येतं.

आता परवाची चाचणी. वीस मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटं लागली. शून्याखाली शून्याचे चारही प्रश्न बरोबर, चारही समजून. सरळ किंमत ठेवायच्या तीनांपैकी मात्र एक चुकला, जो पहिल्या दिवशी बरोबर आला होता. x हा 1 कडे जाताना (x² + 1)/(x + 1). इथे किंमत ठेवली की 2/2, म्हणजे 1, संपलं. पण महिनाभर ज्याच्या त्याच्यात भोकं शोधल्यामुळे तिला इथेही भोक आहे असं वाटलं. तिने x² + 1 चे अवयव (x + 1)(x − 1) असे पाडले, जे x² − 1 चे आहेत, आणि उत्तर 0 आणलं. ही चूक मी लावलेली आहे. आधी किंमत ठेवून पाहा आणि शून्याखाली शून्य आलं तरच पुढे जा, हे मी एकदा सांगून सोडून दिलं होतं. रोज सांगायला हवं होतं.

याच उदाहरणावरून तिच्या वडिलांच्या एका जुन्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की वरच्याचं आणि खालच्याचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढलं की लिमिट दोन ओळींत सुटतं, मग हे सगळं कशाला? तो लोपितालचा नियम आहे आणि उत्तम आहे, पण 0/0 किंवा अनंत भागिले अनंत असेल तिथेच चालतो. इथे लावला तर वर 2x, खाली 1, उत्तर 2. खरं उत्तर 1. आणि sin x भागिले x ला तो लावणं म्हणजे गोल फिरणं आहे, कारण साइनचं डेरिव्हेटिव्ह मुळात त्याच लिमिटवरून काढलेलं असतं. शिवाय डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, हे तिला अजून शिकायचंय.

साइनचा प्रश्नही चुकला. x शून्याकडे जाताना sin 3x / x, तिचं उत्तर 1. 'sin भागिले x म्हणजे एक' एवढंच तिला आठवलं. साइनच्या आत जे असेल नेमकं तेच खाली असायला हवं. इथे आत 3x आहे, म्हणून वरखाली तिनाने गुणायचं, उत्तर 3. तिने तक्ता करून पडताळायचा प्रयत्न केला होता, हे मला आवडलं. पण कॅल्क्युलेटर कोन अंशांत मोजायला ठेवलेला होता, म्हणून 0.0524 च्या आसपासचे आकडे आले. ते तिने खोडून टाकले आणि पाठ असलेलं लिहिलं. तो आकडा म्हणजे 3 गुणिले π भागिले 180. अंश आणि रेडियन या कोन मोजायच्या दोन एककांमधला फरक त्या खोडलेल्या ओळीत तिच्या हातात येऊन बसला होता. पुढच्या तासाला तिथूनच सुरुवात.

आणि अनंताचे दोन प्रश्न तिने सोडून दिले. त्यातला एक √(x² + x) − x. पहिल्या दिवशी तिने याच प्रकारच्या प्रश्नात अनंतातून अनंत वजा करून शून्य लिहिलं होतं आणि पुढे गेली होती. या वेळी उत्तराची जागा कोरी होती, आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरात होतं: '∞ − ∞, ठरत नाही, अजून बघायला हवं'. हे आम्ही शिकलेलोच नव्हतो. शून्याखाली शून्याबद्दल शिकलेली गोष्ट तिने स्वतः उचलून दुसरीकडे नेली होती. गुणपत्रिकेत पहिल्या दिवसाचं चुकीचं शून्य आणि परवाची कोरी जागा, दोन्हींना सारखेच गुण, म्हणजे काहीच नाहीत.

शेवटी मी हे पाठवलं:

'नमस्कार. दहापैकी चारचे सहा झाले आहेत, पण आधीच्या चारांतला एक योगायोगाने आला होता आणि आताचे सहाही तिचे आहेत. ज्या प्रकारात ती आधी अंदाजाने लिहीत होती, तो प्रकार आता तिला पक्का येतो, प्रत्येक ओळ का लिहिली हे ती सांगू शकते. तिला आता जास्त वेळ लागतो. हा वेळ दोन-तीन आठवड्यांत कमी होईल असा माझा अंदाज आहे, पण सध्या तिला घाई करू नये ही विनंती. एक सोपा प्रश्न तिने उगाच अवघड केला, त्यात माझ्या शिकवण्याचाही भाग आहे. साइनची आणि अनंताची लिमिट्स कच्ची आहेत, पुढचा महिना त्यांना द्यावा लागेल. दोन प्रश्न तिने कोरे सोडले आहेत, त्याबद्दल कृपया रागावू नये. तिथे तिने समासात काय लिहिलंय ते जरूर वाचा.'

थोडक्यात नव्हतं ते. अर्ध्या तासाने उत्तर आलं, 'वाचलं. पण मॅडम, ठरत नाही असं लिहून परीक्षेत गुण मिळतात का?' मी लिहिलं, नाही मिळत, पुढच्या महिन्यात ते ठरवायला शिकवते. त्यांनी 'बरं' एवढंच पाठवलं, आणि त्यावरून ते समाधानी आहेत की नाहीत, हे मला अजूनही कळलेलं नाही.

काल ती आली तेव्हा चाचणीचा तोच कागद घेऊन आली. समासातल्या ओळीखाली नवीन आकडे होते. x म्हणजे 100 घेतलं तर 0.4988. x म्हणजे 10000 घेतलं तर 0.49999. त्याखाली, यावेळी पेनने: 'अर्धा? पण अर्धा का?'

मी तिला खुर्ची सरकवून दिली आणि कोरा कागद पुढे केला. तिने विचारलं, 'इथेही अधिकवाल्याने गुणायचं का?'

'करून बघ,' मी म्हटलं.